आधी बायोस, मग प्रोसेसर

भाच्याचा संगणक २०१८ सालचा. त्यात बी४५० मदरबोर्ड आणि रायझन ३ २२००जी प्रोसेसर. त्या जागी रायझन ५ ५६००जी बसवायचा बेत ठरला. जुना प्रोसेसर आधी विकून त्या पैशात भर घालायची, असा त्याचा हिशोब होता. मी म्हटलं, "थांब, तो जुनाच तुझ्या कामाला येणार आहे."

दोन्हींचा सॉकेट एकच, एएम४. म्हणजे नवा प्रोसेसर बसतो अगदी चपखल. पण बोर्डावरच्या बायोसच्या चिपमध्ये त्याला सुरू करण्याचा कोड नसेल तर पंखे फिरतात, दिवे लागतात आणि पडदा काळाच राहतो. हजेरीपटावर नाव नसलेला विद्यार्थी वर्गात येऊन बसावा, तसंच! मग लोक रॅम काढघाल करतात, दुकानदाराशी भांडतात. प्रोसेसर मात्र धडधाकट असतो.

५६००जी आला २०२१ मध्ये, बोर्ड त्याहून जुना. मे २०२० मध्ये एएमडीने या पिढीचे प्रोसेसर बी४५० वर चालणार नाहीत असं आधी सांगितलं होतं. ग्राहकांनी ओरड केल्यावर त्याच महिन्यात निर्णय फिरवला. म्हणून आज हा मार्ग खुला आहे.

विंडोजमध्ये `msinfo32` चालवलं. `BIOS Version/Date` समोर २०१८ चीच तारीख होती. कंपनीच्या प्रोसेसर-यादीत ५६००जी समोर बरीच पुढची आवृत्ती. बोर्डावर छापलेला रिव्हिजन क्रमांकही जुळवून पाहिला, कारण एकाच नावाच्या दोन रिव्हिजनची फाइल वेगळी असू शकते. सोबतची टीप वाचली, तर आधी मधली एक आवृत्ती टाकणं सक्तीचं होतं. ही टीप बहुतेक जण वाचत नाहीत.

दुकानातल्या पोराने नेमकं सांगितलं होतं, "सर, मोदलु बायोस, आमेले प्रोसेसर." फाइल फॅट३२ पेनड्राइव्हवर घेतली, जुना प्रोसेसर जागेवरच ठेवला, यूपीएस लावला आणि बायोसच्या पडद्यातूनच दोन टप्प्यांत अपडेट केलं. मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, आणि आपल्याकडच्या विजेचा भरवसा काय सांगावा! काही बोर्डांना प्रोसेसरशिवाय अपडेट करणारं फ्लॅशबॅकचं बटण असतं, याला नव्हतं. जुना विकला असता तर दुसऱ्या कुणाचा प्रोसेसर उसना आणावा लागला असता.

नवी आवृत्ती दिसल्यावर मगच अदलाबदल. काही बोर्डांच्या नव्या बायोसमधून जुन्या प्रोसेसरांची ओळख काढून टाकलेली असते, तेव्हा परतीची वाट धरून चालू नये. पहिल्यांदा पडदा उजळायला वेळ लागला, रॅमची जुळणी चाललेली असते. भाचा बटणाकडे हात नेत होता, त्याला अडवलं. मग नवा प्रोसेसर दिसल्याचा संदेश आला आणि एफटीपीएम रीसेट करायचा का, असं विचारलं. बिटलॉकर सुरू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवावी लागते. याच्याकडे ते बंदच होतं. `Y` दाबलं.

जुना २२००जी पुढच्या रविवारी विकला.