सदाफुलीची तहान

सदाफुलीचं रोप मान टाकतं तेव्हा घरातलं कोणीही आधी पाण्याचा तांब्या उचलतं. आषाढ-श्रावणात मात्र मातीला बोट लावून पाहावं. माती ओली असून पानं लोंबत असतील, तर रोप तहानेनं नव्हे, पाण्यानंच मरत असतं.

यंदा पंढरपुराहून परतले तेव्हा अंगणातल्या पाच कुंड्यांची हीच गत होती. त्यांतली पांढरी सदाफुली सासूबाईंच्या हातची. देवघरात रोज तिचीच फुलं असत, म्हणून जीव कळवळला. ओट्याच्या दगडी फटीत आपोआप उगवलेलं रोप मात्र त्याच पावसात टवटवीत होतं. फटीत पाणी थांबत नाही, कुंडीत थांबतं, एवढाच फरक.

पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, आणि ओल्या मातीतली बुरशी मुळांत, खोडात शिरते. मातीलगत खोड काळपट, मऊ होतं. मग कुंडीत कितीही पाणी असो, ते वर चढत नाही.

माउली, अशा वेळी नखानं साल किंचित खरवडून पाहा. आत हिरवं असेल तर आशा आहे. माझ्या तीन रोपांचं खोड हिरवं होतं. ती उपटून मुळांची माती झाडली. पांढरी मुळं ठेवली, तपकिरी, चिमटीत साल सुटणारी मुळं स्वच्छ कात्रीनं कापली आणि तासभर सावलीत सुकू दिली. मग दोन वाटे कोरडी माती, दोन वाटे जाड वाळू आणि एक वाटा कुजलेलं शेणखत अशा मिश्रणात, आधीपेक्षा लहान कुंडीत लावली. कुंड्या विटांवर, वळचणीच्या आत ठेवल्या. वरची दोन बोटं माती सुकल्याशिवाय पाणी दिलं नाही. आठवड्याभरात दोन सावरली, तिसरं गेलं.

पांढऱ्या रोपाचं खोड मातीपाशी सभोवार काळं पडलं होतं. असं रोप माती बदलून वाचत नाही. त्याचे वरचे चार बोटं लांबीचे शेंडे कापले. काप आतून हिरवट-पांढरा होता तेच घेतले, तपकिरी टाकले. फुलं, कळ्या आणि खालची पानं काढून ते ओलसर वाळूत सावलीत खोचले. तीन-चार आठवड्यांनी सहांपैकी दोघांना मुळं फुटली. पाचवं रोप पार वाळलं होतं, ते काढून टाकलं.

सडलेल्या रोपाची माती दुसऱ्या कुंडीत घालू नये, तिच्यात बुरशी राहते. कुंडी घासून उन्हात वाळवावी. सदाफुलीचा चीक विषारी असतो, म्हणून कापाकापीनंतर हात धुवावेत आणि तोडलेल्या फांद्या गुरांपुढे टाकू नयेत.

सासूबाईंचं मूळ रोप गेलं. त्याच्या दोन फांद्या आता वळचणीखाली वाढताहेत, एकीला कळी धरली आहे.