आदल्या संध्याकाळची दहा मिनिटं

पुणे,
नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा

प्रिय सेन्सेइ,

आता तूही शिकवतेस, म्हणून हेच संबोधन. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी तुझी पहिली तुकडी जेएलपीटीच्या एन-४ ला बसते आहे. आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, वर्ग शेवटचा भरणार आहे आणि तेव्हा मुलांसमोर काय बोलावं असं तू विचारलं आहेस. पत्र वाचून फार बरं वाटलं. त्या संध्याकाळचं बोलणं मी नेहमी गंभीरपणे घेत आले आहे, कारण वर्षभराच्या शिकवण्यातलं काही त्या दहा मिनिटांत हातातून निसटूही शकतं.

एक नियम आधी सांगते, बाकी सगळं त्यातूनच निघतं. एका रात्रीत जे बदलू शकतं तेवढंच त्या संध्याकाळी बोलायचं. शब्दसंग्रह एका रात्रीत वाढत नाही, वाचनाचा वेगही वाढत नाही. उलट आदल्या रात्री नवीन कांजी दाखवल्या की पक्क्या झालेल्या हलतात. ‘मात्सु’ म्हणजे वाट पाहणे आणि ‘मोत्सु’ म्हणजे जवळ असणे, या दोन कांजींचा उजवा भाग एकच आहे. महिनाभर बरोबर ओळखणारी मुलं आदल्या रात्री शेजारी शेजारी ठेवलेली जोडी पाहतात आणि सकाळी गोंधळतात. पेपर हाताळायची पद्धत मात्र एका रात्रीत बदलता येते. पेन्सिल कधी टेकवायची, कुठला प्रश्न आधी घ्यायचा, चुकलेला प्रश्न कधी सोडायचा, हे आज सांगितलं तर उद्या करता येतं. तेवढंच सांग.

सुरुवात निकालाच्या नियमापासून कर, कारण पुष्कळ मुलांना तो अर्धाच माहीत असतो. मी साधारण असं म्हणते:

“एन-४ ला १८० पैकी ९० गुण लागतात, हे तुम्हाला माहीत आहे. पण भाषाज्ञान आणि वाचन मिळून १२० पैकी निदान ३८, आणि श्रवणात ६० पैकी निदान १९ हवेत. समजा, एकाला पहिल्या भागात ९२ मिळाले आणि श्रवणात १७. बेरीज १०९ झाली, तरी तो नापास. म्हणून दुपारी थकवा आला तरी श्रवणाचा पेपर सोडून द्यायचा नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही गोल रिकामा राहता कामा नये. आणि मधल्या सुट्टीत किती बरोबर आले हे मोजत बसू नका. हे गुण नुसती बरोबर उत्तरं मोजून काढत नाहीत, वेगवेगळ्या वेळच्या परीक्षा एका मापावर याव्यात म्हणून ते हिशेबाने बसवले जातात. तुमची बेरीज निकालाशी जुळणार नाही, आणि पुढच्या पेपरावरचं लक्ष मात्र जाईल.”

यानंतर वेळ. शब्दसंग्रहाला २५ मिनिटं, व्याकरण आणि वाचनाला ५५, श्रवणाला ३५. डिसेंबर २०२० पासून हे असं आहे. तुझ्या मुलांकडे जुनी सराव-पुस्तकं असतील तर त्यांत ३० आणि ६० छापलेलं असेल. त्या हिशेबाने घरी सराव केलेल्या मुलाला ५५ मिनिटांच्या पेपरात शेवटचे प्रश्न उरतात, आणि शेवटी असते ती सूचनापत्रकावरची जोडी. एखादं वेळापत्रक किंवा जाहिरात देऊन त्यातली माहिती शोधायला सांगतात. तिथे सगळं वाचावं लागत नाही. आधी प्रश्न वाचायचा, मग पत्रकात बोट फिरवायचं. “लांब उताऱ्याच्या आधी ती जोडी उरका,” एवढं एक वाक्य सांग. पण शेवटचे गोल आधी काळे करताना प्रश्नांचा क्रमांक तपासायला सांग. उत्तरपत्रिकेवर एक ओळ सरकली की पुढचं सगळं सरकतं.

आता ताऱ्याचा प्रश्न. इथे मात्र फळ्यावर एक उदाहरण लिहीच, कारण इथे चूक बहुधा हाताची होते, भाषेची नसते. एका वाक्यात चार रिकाम्या जागा, त्यांपैकी एकीवर तारा, आणि खाली चार तुकडे. ताऱ्याच्या जागी कोणता तुकडा येतो तो क्रमांक द्यायचा. फळ्यावर वाक्याची दोन टोकं लिही: ‘कोरे वा’ आणि ‘देसु’. मधल्या चार जागांपैकी तिसरीवर तारा काढ. तुकडे असे दे: १ होन, २ एकि नो माए दे, ३ किनोओ, ४ कात्ता. मग मुलांना मराठीत बोलू दे: “हे काल स्टेशनसमोर विकत घेतलेलं पुस्तक आहे.” कोरे वा, किनोओ, एकि नो माए दे, कात्ता, होन, देसु. शब्दांचा क्रम जसाच्या तसा आपलाच आहे. पुस्तकाचं सगळं वर्णन पुस्तकाच्या आधी, आणि क्रियापद शेवटी. मराठी मुलांना हे घरचंच असतं. इंग्रजीतून विचार करू लागली की ती ‘होन’ पुढे खेचतात आणि अडकतात. म्हणून सांग, “तुकडे जुळेनात तर मनात मराठी वाक्य म्हणा.”

‘काल’ आणि ‘स्टेशनसमोर’ यांची अदलाबदल केली तरी वाक्य चालतं, पण तिसऱ्या जागी ‘कात्ता’च राहतो. तेव्हा उत्तर ४. चूक होते ती याच्या पुढे. तारा तिसऱ्या जागेवर आहे म्हणून मुलं ३ चा गोल काळा करतात. वाक्य बरोबर, क्रम बरोबर आणि उत्तर चूक. यावर उपाय एकच: प्रश्नपत्रिकेवरच्या चारही रिकाम्या जागांत तुकड्यांचे क्रमांक पेन्सिलीने लिहायचे, ३-२-४-१, आणि ताऱ्याखालचा आकडा उचलायचा. तारा बहुतेक वेळा तिसऱ्या जागी असतो, पण नेहमी नसतो, म्हणून त्याची जागाही दर वेळी पाहायची.

सर्वांत जास्त वेळ श्रवणाला दे. तुझ्याकडे सराव-परीक्षांच्या उत्तरपत्रिका असतील, त्या शनिवारच्या आत एकदा काढून बघ. चुका विखुरलेल्या असतील, इथे एक, तिथे एक, तर त्या मुलाला शब्द कमी पडतात, आणि त्यावर आता इलाज नाही. पण दोन-तीन चुका सलग येत असतील तर गोष्ट वेगळी आहे. ध्वनिफीत एकदाच वाजते. पहिला प्रश्न निसटला, मूल त्याचाच विचार करत राहिलं, आणि पुढचे दोन त्या विचारात बुडाले. एका प्रश्नाची किंमत तीन प्रश्नांनी चुकवली. अशी मुलं ओळखून ठेव आणि बोलताना त्यांच्याकडे बघून बोल:

“पुढच्या प्रश्नाचा क्रमांक ऐकू आला की मागचा प्रश्न संपला. उत्तर ठरलं नसेल तर त्याच क्षणी कुठलाही एक गोल काळा करा आणि पेन्सिल उचला. शेवटी उत्तरं भरायला वेगळा वेळ देत नाहीत.”

मग एक संवाद तू स्वतः वाचून दाखव. पहिल्या प्रकारात प्रश्न आधी सांगतात, तो संवादानंतर पुन्हा येतो. समज, प्रश्न असा: ‘बाई आता सर्वांत आधी काय करतील?’ संवादात पुरुष म्हणतो, प्रती काढून ठेवा. बाई म्हणतात, त्या काढून झाल्या, खुर्च्या आणू का? तो म्हणतो, हो, पण त्याआधी दुकानात फोन करा, आणि सगळं झालं की चहा घेऊन या. पर्यायांत प्रती, खुर्च्या, फोन आणि चहा चारही असतात, आणि चारही गोष्टी ऐकू आलेल्या असतात. वस्तूंची नावं पकडणारं मूल इथे हमखास फसतं. पहिलं किंवा शेवटचं ऐकलेलं त्याच्या मनात राहतं, म्हणून ते प्रती निवडतं किंवा चहा. उत्तर ठरवतात ते लहान शब्द. ‘मोओ’ आलं आणि क्रियापद भूतकाळी असलं की ते काम झालेलं, ते कापायचं. ‘सोनो माए नि’, म्हणजे ‘त्याआधी’, ऐकू आलं की पुढे येणारं काम वर सरकतं. मुलांना प्रश्नपत्रिकेवरच फुली आणि बाण काढायला सांग, तिथे लिहायची मोकळीक असते. फोनवर बाण, प्रतींवर फुली, संपलं.

शेवटच्या प्रकारात पानावर काहीच छापलेलं नसतं. एक वाक्य, तीन उत्तरं, सगळं कानावर. तिथे एवढंच सांग की वाक्यातला शब्द एखाद्या उत्तरात पुन्हा ऐकू आला म्हणून तेच धरायचं नाही. कोण कुणाला काय म्हणतंय ते पाहायचं. आणि त्या प्रकारात पर्याय तीनच, चौथा गोल शोधत बसायचं नाही.

वस्तूंची यादी बोलू नकोस, फळ्यावर लिही: हॉल तिकीट, फोटो असलेलं मूळ ओळखपत्र, दोन-तीन एचबी पेन्सिली, खोडरबर, साधं घड्याळ. फोनबद्दल मात्र तोंडाने सांग, कारण परीक्षेत फोन वाजला तर उमेदवाराला बाद करतात, आणि श्रवणाच्या वर्गात उशिरा गेलं तर आत घेत नाहीत. वर्षभर शिकलेल्या मुलाचं असं नुकसान झालं तर ते मला सोसवणार नाही, तुलाही सोसवणार नाही.

यापलीकडे काही बोलू नकोस. शंका विचारायला कुणी उभं राहिलं आणि ती व्याकरणाची असली, तर माहीत असलेलं उत्तर एका वाक्यात दे आणि थांब. एकाच्या शंकेने बाकीच्यांना आपल्याला हे येत नाही असं वाटायला लागतं, आणि त्या रात्री ती पुस्तकं उघडून बसतात. कुणाला नापास होण्याची भीती वाटत असेल तर त्याला बाजूला घेऊन त्याचीच उत्तरपत्रिका दाखव: हे तुझे सलग चुकलेले तीन प्रश्न, यांतले दोन उद्या वाचवता येतील. त्याला धीर यातूनच येईल, कारण ते खरं असेल.

एक विनंती आहे. शनिवारी बोलायचं ते आधी कागदावर लिहून काढ आणि घड्याळ लावून मोठ्याने वाच. दहा मिनिटांच्या वर गेलं तर ताऱ्याचं उदाहरण आणि श्रवणाचा संवाद ठेव, बाकीचं फळ्यावर लिहून मुलांना वेळेवर घरी सोड.

तुझी,
सेन्सेइ