शेक आणि बर्फ

आमच्या लहानपणी तालुक्याच्या गावात बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरची चीज. कारखान्यातून लाद्या यायच्या त्या लाकडाच्या भुशात घोळवून, गोणपाटात गुंडाळून. घरी फ्रीज फार थोड्यांकडे. त्यामुळे मुरगळलेल्या पायावर बर्फ ठेवावा हे कुणाला सुचायचंच नाही. गारव्याचा उपचारासाठी उपयोग एकच, तापात कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या. हातापायाचं दुखणं मात्र सगळं वाताचं, आणि वातावर उतारा ठरलेला: शेक.

पाय मुरगळून लंगडत घरी आलं की आजी आधी घोटा चोळायची, मग आंबेहळद आणि तुरटी पाण्यात उकळून त्याचा गरम लेप थापायची. लेप वाळून तडकला की विटेचा किंवा मिठाच्या पुरचुंडीचा शेक. दुसऱ्या दिवशी घोटा आणखी टम्म फुगलेला असायचा. त्यावर घरातल्यांचं मत असं, की आतला मार बाहेर पडतोय, चांगलं लक्षण आहे. आळीत एखादे हाड बसवणारे गृहस्थ असायचेच. ते पाय ओढायचे, कट्कन आवाज काढायचे, आणि पोरगं किंचाळलं की बसलं म्हणायचे.

आता कळतं की घोटा आत वळतो तेव्हा बाहेरच्या बाजूचं लिगामेंट ताणलं किंवा फाटलं जातं, बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि ऊतकांत द्रव झिरपतो. त्याच वेळी वरून ऊब दिली की रक्तवाहिन्या रुंदावतात आणि झिरपणं वाढतं. मालिशही तेच करते. म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या त्या फुगलेल्या घोट्यात पडण्याच्या जोडीला आमच्या शेकाचाही वाटा होता.

परवा भाच्याचा मुलगा बॅडमिंटन खेळताना पडला. पाय टेकवत होता, कण्हत चार पावलं टाकलीही. त्याच्या आईने घोट्याच्या आतल्या-बाहेरच्या दोन्ही उंचवट्यांची मागची कड खालपासून चार बोटं वरपर्यंत दाबून पाहिली. मग पावलाच्या बाहेरच्या कडेवर मध्यावर, करंगळीच्या रेषेत जे हाड लागतं ते, आणि आतल्या बाजूचं घोट्यापुढचं हाड. हाडावर दाबून कळ आली नाही. दुखत होतं ते हाडाच्या पुढे, मऊ जागी. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९०च्या दशकात बसवलेली ही तपासणी आता आयांनाही ठाऊक आहे. चार पावलं टाकता आली नाहीत किंवा हाडावरच कळ आली, तर बर्फ-शेकाचा वाद सोडून एक्स-रे काढायचा.

मग तिने फ्रीजरमधून निळा जेल पॅक काढला आणि तसाच लावायला निघाली, तेव्हा मात्र मी मध्ये पडलो. घरगुती फ्रीजर उणे १८ अंशांच्या आसपास असतो, आणि जेल त्या तापमानालाही बऱ्यापैकी मऊच राहतो, म्हणून तो किती गार आहे ते हाताला कळत नाही. असा पॅक उघड्या कातडीवर ठेवला तर हिमदंशही होऊ शकतो. त्यापेक्षा पिशवीत बर्फाचे तुकडे आणि थोडं पाणी बरं. वितळता बर्फ शून्य अंशावरच राहतो, त्याखाली जात नाही, आणि वितळताना पुष्कळ उष्णता ओढून घेतो. खाली ओला, पिळलेला नॅपकिन. पॅकच वापरायचा तर कोरड्या टॉवेलची घडी मध्ये हवीच.

वेळ १५ मिनिटं, फार तर २०. आधी गार लागतं, मग चुरचुरतं, मग ठणकतं आणि शेवटी बधिर होतं. बधिर झालं की काम झालं, घड्याळ काही म्हणो. अधूनमधून कापड उचलून कातडी पाहायची. ती लाल दिसणं ठीक. पांढरीफटक, कडक किंवा पुरळ आलेली दिसली तर लगेच थांबायचं. पुन्हा लावायचं ते दोनेक तासांनी, आणि हे पहिले दोन दिवस, सूज वाढती असेल तर तिसराही. मधल्या वेळात क्रेप बँडेज आणि पाय उशांवर.

बर्फाने लिगामेंट सांधतं असं मात्र नाही. आराम, बर्फ, दाब आणि पाय उंच ही चतुःसूत्री १९७८ साली रूढ करणारे अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनीच पुढे लिहिलं की बर्फ आणि संपूर्ण विश्रांतीमुळे भरून येणं लांबूही शकतं, कारण सूज हा दुरुस्तीचाच भाग आहे. बर्फ वेदना दाबतो, एवढं त्याचं काम. दुखणं कमी झालं की घोटा हळूहळू हलवायचा. पोराने चौथ्या दिवशी पायाने हवेत मुळाक्षरं काढायला सुरुवात केली. सूज ओसरल्यावर, व्यायामाच्या आधी ताठरपणा सैल करायला कोमट शेक चालतो. शेकानंतर घोटा ठणकू लागला किंवा पुन्हा फुगला, तर घाई झाली असं समजून बर्फाकडे परतायचं.

शेकाचं खरं राज्य मात्र उसणीचं. पाण्याची घागर उचलताना कंबर धरली, किंवा मान अवघडली, की आमच्याकडे आधी पायाळू माणसाचा शोध सुरू व्हायचा. त्याने दुखऱ्या जागी पाय लावायचा. ते झालं की तव्यावर गरम केलेल्या फडक्याचा शेक. त्या शेकाने खरंच बरं वाटायचं, कारण तिथे सूज किंवा रक्तस्राव नव्हता, आवळून बसलेला स्नायू होता. उबेने तो सैल पडतो. याला ४० ते ४५ अंश पुरतात, १५ ते २० मिनिटं.

आजीकडे थर्मामीटर नव्हता; ती फडकं आधी स्वतःच्या गालाला लावायची. शिवाय फडकं दोन मिनिटांत निवायचं, पुन्हा तव्यावर जायचं, तेवढी कातडीला उसंत. आणि शेकणारं माणूस कंटाळलं की शेक संपला. आज नातसुनेचा विजेचा पॅड निवतच नाही. तो कमरेखाली घेऊन झोपी जाणारी माणसं मला माहीत आहेत. ४४ अंशांचा चटका पटकन जाणवत नाही, पण तीच ऊब काही तास एकाच जागी राहिली तर कातडी भाजते. ५० ला ते मिनिटांचं काम, ६० ला काही सेकंदांचं. रोज पॅड घेणाऱ्यांच्या कमरेवर तपकिरी जाळीसारखे डाग उठतात तेही यातूनच. म्हणून आपोआप बंद होणारा पॅड घ्यावा आणि त्यावर झोपू नये. रबरी पिशवीत उकळतं पाणी ओतू नये, ती दोन-तृतीयांशच भरावी, हवा काढावी आणि वर कापड गुंडाळावं.

मधुमेहाने पायांची जाणीव गेलेल्यांना ना चटका कळतो ना गारठा. आमच्या एका मावशीच्या तळव्याला असाच फोड आला होता आणि तिला तो दुसऱ्या दिवशी, पायमोजा काढताना दिसला. अशांच्या पावलांवर शेक-बर्फ दोन्ही डॉक्टरांना विचारूनच. आणि परवानगी मिळाली तरी तापमान पाहायला हात घरातल्या दुसऱ्या कुणाचा हवा.