वहीसोबतचं पत्र

धाराशिव, जुलै 2025

ताई,



तुमची निळी वही सोबत परत पाठवतो आहे. कर्ज बंद करायला आलात तेव्हा ती माझ्या टेबलावर ठेवून गेलात. ‘वाचून झाली की द्या’ एवढंच म्हणालात. मी ती दोनदा वाचली आणि काही पानं उतरवूनही घेतली. आभाराचं छापील पत्र बँकेकडून येईलच. त्यात खाते क्रमांक असेल, रक्कम असेल. हे पत्र मात्र माझं आहे.

एक गोष्ट आधी कबूल करतो. 2023 च्या जूनमध्ये तुम्ही दहा शेळ्या आणि पैदाशीचा एक बोकड यांसाठी 1,20,000 रुपये मागायला आलात, तेव्हा मी हप्त्यांचं कोष्टक तुम्ही सांगितलंत तसं लावलं. त्याचं श्रेय माझ्या अभ्यासाला नाही, एका जुन्या चुकीला आहे. मागच्या एका शाखेत असताना मी एका वस्तीवर शेळ्यांसाठी पाच कर्जं दिली होती आणि पाचही कर्जांना पहिल्याच महिन्यापासून मासिक हप्ता लावला होता. वर्षभर हप्ते वेळेवर आले. खाती कागदावर इतकी निरोगी होती की मी पाहणीला गेलोच नाही. गेलो तेव्हा गोठ्यात निम्म्या शेळ्या होत्या. करडं विकण्याजोगी होण्याआधीच हप्ता दारात येत होता, म्हणून लोक शेळ्याच विकून हप्ता भरत होते. पुढे विकायला काही उरलं नाही आणि पाचांपैकी तीन खाती थकली. तेव्हापासून शेळीच्या कर्जात मी पासबुकाआधी कानातले बिल्ले मोजतो.

तुम्ही समोर बसून बोटांवर हिशोब मांडलात. आज आणलेली शेळी रुळायला महिना-दीड महिना. मग गाभण राहिली की पाच महिने. म्हणजे करडं जानेवारी-फेब्रुवारीत. आपली उस्मानाबादी शेळी जुळी देते खरी, पण ती करडं पुढच्या जूनमधल्या बकरी ईदला जेमतेम चार-पाच महिन्यांची असणार आणि कुर्बानीला वर्ष पूर्ण झालेला बोकड लागतो. ‘म्हणून साहेब, पहिली ईद आमची नाही, दुसरी आमची,’ असं तुम्ही म्हणालात. हे वाक्य मी त्याच दिवशी पाहणी अहवालात लिहून ठेवलं. त्यावरून कोष्टक ठरलं: पहिले बारा महिने फक्त व्याज, त्यानंतर दर सहा महिन्यांनी मुद्दल 20,000 रुपये, असे सहा हप्ते. पहिला हप्ता डिसेंबर 2024 ला, दुसरा जून 2025 ला. एकूण मुदत चार वर्षं.

मग ते वर्ष आलं. 2023 च्या ऑक्टोबरअखेर राज्यात 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. आपल्या जिल्ह्यातले धाराशिव, लोहारा आणि वाशी त्यात होते. तुमच्या वहीत त्या महिन्यांची पानं सगळ्यात दाट आहेत. कोणत्या दिवशी सुबाभळीचा पाला किती आणला, हरभऱ्याचं भुसकट कुणाकडून घेतलं, पीपीआरची लस कधी टोचली, कुठली शेळी कधी फळवली. एका पानावर फक्त ‘आज व्याज 1,200, शिलाईतून’ एवढंच आहे. करडू जन्माला यायच्या आधीचं ते व्याज शिलाईच्या पैशांतून येत होतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मासिक हप्ता लावला असता तर तो याच व्याजदराने 3,160 रुपयांच्या आसपास बसला असता, आणि शिलाई तेवढी पुरली नसती. दोन शेळ्या तरी त्याच दुष्काळात बाजारात गेल्या असत्या.

त्या जानेवारी-फेब्रुवारीत सतरा करडं झाली. दोन दगावली, पंधरा जगली, त्यात नऊ बोकड. तीन बोकड तुम्ही डिसेंबरच्या हप्त्यासाठी विकलेत. सहा मात्र राखलेत. दर चांगला मिळत असतानाही राखलेत. या 7 जूनच्या ईदला ते सोळा-सतरा महिन्यांचे होते. त्या सहांचे 90,000 आले. दुसऱ्या वेताची सहा करडं साध्या बाजारात गेली, त्यांचे 40,000 आले. हातात 1,30,000 घेऊन तुम्ही बँकेत आलात आणि म्हणालात, ‘सगळं मिटवून टाका.’

मी लगेच हो म्हटलं नाही हे तुम्हाला खटकलं असेल. त्याचं कारण सांगतो. लवकर फेड नेहमीच फायद्याची असते असं नाही. घरातला सगळा पैसा बँकेत भरून महिन्याभराने चाऱ्यासाठी कुणाकडून शेकडा तीन-चार रुपये महिन्याने उचलावे लागले, तर बँकेचं व्याज वाचवून त्याच्या तिप्पट-चौपट दराचं गळ्यात पडतं. म्हणून मी विचारलं, भरल्यावर हातात काय उरेल? तुम्ही वही उघडलीत. जूनचा हप्ता धरून बाकी एक लाख, उरतात तीस हजार. त्यातून पावसाळ्याआधीच्या लसी, गोठ्याच्या छपराची डागडुजी आणि दिवाळीपर्यंतचा खुराक. शेळ्या दहाच्या दहा शाबूत, शिवाय पाच पाठी मोठ्या होताहेत. मग मात्र माझ्याकडे नाही म्हणायला काही उरलं नाही.

त्या दिवशी घाईत नीट सांगता आलं नाही, तो हिशोब इथे लिहितो. दर साल 12 टक्के, व्याज फक्त शिल्लक मुद्दलावर. पहिल्या अठरा महिन्यांत मुद्दल 1,20,000 होतं, म्हणून दरमहा 1,200 प्रमाणे 21,600. पुढचे सहा महिने मुद्दल एक लाख, दरमहा 1,000 प्रमाणे 6,000. म्हणजे तुम्ही एकूण 27,600 रुपये व्याज दिलंत. मुदतीपर्यंत चालू ठेवलं असतं तर 80,000 वर सहा महिने, मग 60,000 वर, 40,000 वर आणि शेवटी 20,000 वर, असं आणखी 12,000 रुपये व्याज लागलं असतं. ते वाचलं. एका उस्मानाबादी शेळीची किंमत घरात राहिली असं समजा.

मुदतीआधी फेडल्याबद्दल आपण शुल्क घेतलेलं नाही. याच महिन्याच्या 2 तारखेला रिझर्व्ह बँकेने त्याबद्दल निर्देश काढले आहेत. 1 जानेवारी 2026 पासून मंजूर किंवा नूतनीकरण होणाऱ्या, बदलत्या व्याजदराच्या व्यवसाय कर्जांवर छोट्या कर्जदारांकडून असं शुल्क घेता येणार नाही. त्याआधी कर्ज घेणाऱ्या बायकांना मात्र सांगा, मंजुरीपत्रातलं ते कलम सही करण्याआधी वाचून घ्यायचं.

दोन कामं तुमच्याकडे राहिली आहेत. कर्ज पूर्ण फिटल्याचा दाखला सोबत आहे, तो जपून ठेवा. शेळ्यांच्या विम्यावर बँकेचं नाव आहे, ते काढून घ्या. नाहीतर उद्या भरपाई मिळायची वेळ आली तर कागद पुन्हा आमच्याकडे फिरत येईल. महिन्याभराने सिबिलमध्ये खातं ‘बंद’ असं दिसतंय ना, ते मी स्वतः पाहून कळवतो.

आता तुमच्या चिठ्ठीबद्दल. आभार मानायचे आहेत ते मुख्यतः तिच्यासाठी.

तुम्ही गटातल्या तीन बायकांना माझ्याकडे पाठवलंत आणि प्रत्येकीच्या हातात चिठ्ठी दिलीत. ‘बाई चांगली आहे’ असं एकीतही नव्हतं. पहिलीत होतं: घरच्या चार शेळ्या आहेत, आणखी सहा सांभाळेल, विहिरीजवळ सुबाभूळ आहे. दुसरीत: सासू दिवसभर घरी, चारायला माणूस आहे. तिसरीत: हिला दहा नको, पाच द्या, गोठा लहान आहे. चौथीचं नाव तुम्ही तोंडी सांगितलंत, आणि तिला तूर्त देऊ नका म्हणालात. दिवाळीनंतर नवरा-बायको ऊसतोडीला जातात, शेळ्या व्यायला लागतील तेव्हा गोठ्यात कुणीच नसेल. ती तुमची सख्खी शेजारीण आहे हे मला नंतर कळलं.

ताई, या मुद्रा कर्जांना तारण नसतं. घर नाही, शेत नाही, सोनं नाही. मी ज्यावर भरवसा ठेवतो ती फक्त माहिती असते, आणि विहिरीजवळची सुबाभूळ किंवा ऊसतोडीचा करार हे कुठल्याही अर्जात लिहून येत नाही. तुमच्या तीन ‘हो’वर मी विश्वास ठेवला तो त्या एका ‘नाही’मुळे.

म्हणूनच एक विनंती आहे. शिफारस इथेच थांबू द्या. कुणी ‘ताई, जामीन राहा’ म्हटलं तर राहू नका. कुणाचा हप्ता चुकला तर तुमच्या खिशातून भरू नका, त्यांच्या थकबाकीबद्दल बँक तुम्हाला विचारणार नाही. कुणी कर्ज मिळवून दिल्याबद्दल साडी किंवा पैसे देऊ केले तर घेऊ नका. त्या दिवसापासून तुम्हाला ‘नाही’ म्हणता येणार नाही, आणि तुमच्या चिठ्ठीचं मोल त्या ‘नाही’तच आहे. तिघींना हेही सांगा की हे कर्ज म्हणजे अनुदान नाही आणि आपोआप माफ होणार नाही. बुडवलं तर सरकारी हमीतून बँकेला काही रक्कम मिळते, पण कर्जदाराच्या नावावरचा डाग तसाच राहतो.

तिघींचीही कोष्टकं तुमच्या वहीवरून लावली आहेत. एक बदल मात्र केला आहे. बकरी ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, म्हणजे तीन वर्षांत महिनाभर. हप्त्याची तारीख जूनअखेर ठेवली तरी विक्री मेमध्ये होईल आणि मधल्या दिवसांत पैसा घरात खर्चून जाईल. म्हणून त्यांच्या मंजुरीपत्रात ‘विक्री होताच आगाऊ भरता येईल, त्या दिवसापासून व्याज कमी होईल’ असं स्पष्ट लिहून घेतलं आहे. तिघींनी शेळ्या एकाच व्यापाऱ्याकडून, एकाच दिवशी घेऊ नयेत असंही सांगितलं आहे. एक आजारी जनावर तीन गोठे रिकामे करू शकतं. विम्याचा बिल्ला कानातून गळाला तर त्याच दिवशी कळवायचं, कारण बिल्ल्याशिवाय मेलेल्या शेळीचा दावा मंजूर होणं अवघड असतं. या दोन गोष्टी माझ्यापेक्षा तुमच्या तोंडून त्यांना पटतील.

ऊसतोडीच्या त्या ताईंचंही मी विसरलेलो नाही. मार्च-एप्रिलमध्ये त्या परतल्या की त्यांना घेऊन या. मुक्काम गावात राहणार असेल तर तेव्हा शेळ्या घेऊन, पुढच्या दिवाळीच्या आत पहिलं वेत होईल असं काही बसतं का, ते आपण तिघं मिळून बोटांवर मोजून पाहू. वही त्या दिवशी सोबत आणा.

आपला,
शाखा व्यवस्थापक