मधला गट

```
AB\CD  00  01  11  10
 00     0   1   0   0
 01     0   1   1   1
 11     1   1   1   0
 10     0   0   1   0
```

डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या कुणाहीसमोर हा तक्ता ठेवला, की त्याचं बोट आधी मध्यावर जातं. तिथे चार 1 चौकोनात बसलेले आहेत. चारांचा गट मिळाला की दोन चलं गळतात आणि BD एवढं छोटं पद उरतं. के-मॅपवर याहून गोड काही नसतं.

सोलापूरकडच्या एका तंत्रनिकेतनात शिकवणाऱ्या मॅडम वर्षानुवर्षं हाच तक्ता फळ्यावर काढत आल्या आहेत. वर्ग एका सुरात मधला चौकोन सांगतो. त्या निमूटपणे गोल काढून घेतात आणि मग विचारतात, “वरच्या एकट्या 1चं काय?” 0001 या घराला शेजारी 1 एकच, 0101. ती जोडी घ्यावीच लागते. उजवीकडच्या 0110 ला फक्त 0111 चा आधार, डावीकडच्या 1100 ला 1101 चा, खालच्या 1011 ला 1111 चा. या चारही जोड्या सक्तीच्या, म्हणजे इसेन्शियल. त्या काढून झाल्या की भिरभिऱ्याच्या चार पात्यांसारखी आकृती तयार होते आणि मधली चारही घरं एकेका पात्यात आलेली असतात. चौकोनासाठी काहीच उरत नाही. मॅडम डस्टर उचलत आणि तो पुसून टाकत.

```
F = A'C'D + A'BC + ABC' + ACD
```

पदं वाचायची रीत सोपी आहे. 0110 आणि 0111 या जोडीत A 0 राहतो, B आणि C 1 राहतात, फक्त D बदलतो. बदलणारं चल उत्तरावर परिणाम करत नाही, म्हणून ते सोडायचं. उरलं A'BC. बाकीच्या तीन जोड्याही अशाच वाचायच्या. तक्त्याचे रकाने 00, 01, 11, 10 अशा क्रमाने मांडलेले असतात म्हणून हे नुसत्या डोळ्यांना दिसतं. शेजारच्या दोन घरांत नेमकं एकच चल बदलावं, यासाठीच तो क्रम आहे. 1952 साली एडवर्ड व्हेच यांनी असा तक्ता मांडला होता, पण त्यात घरांचा क्रम साध्या मोजणीचा होता. बेल लॅब्जमधल्या मॉरिस कार्नो यांनी 1953 मध्ये क्रम बदलला आणि जे हिशेबाने शोधावं लागे ते नजरेला दिसू लागलं.

डस्टर उचलण्याचा तो क्षण मॅडमना फार आवडायचा, आणि त्या तसं मोकळेपणाने सांगतात. सगळ्या वर्गाने जे सर्वांत मोठं म्हणून निवडलं तेच अनावश्यक निघावं, आणि ते आपल्या हातून पुसलं जावं, यात त्यांना शिकवण्याचा अभिमान वाटे. तपासणीची समिती यायची असली की त्या मुद्दाम त्याच दिवशी हा तक्ता घेत. चार चलांचा कोणताही नकाशा पेन्सिल न लावता सोडवता येतो, याचाही त्यांना तितकाच गर्व आहे. तो त्यांनी कधी लपवला नाही.

एका वर्षी एका मुलाने तो चौकोन वहीत तसाच ठेवला. उत्तरात पाच पदं लिहिली, शेवटचं BD. मॅडम म्हणाल्या, “अरे, हे जास्तीचं आहे.” तो म्हणाला, “मॅडम, चुकीचं तर नाही ना?”

चुकीचं नव्हतं. BD मिळवलं तरी सत्यता सारणीतली एकही ओळ बदलत नाही. फक्त खर्च वाढतो: चार पदांत बारा अक्षरं, पाच पदांत चौदा. मॅडमनी अर्धा गुण कापला आणि विषय संपला असं त्यांना वाटलं. मुलाला तसं वाटलं नाही. प्रॅक्टिकलच्या तासाला त्याने ब्रेडबोर्डवर चार पदांचंच सर्किट बांधलं. उलट सिग्नलसाठी 74LS04, तीन-तीन इनपुटांच्या नँड गेट्ससाठी दोन 74LS10, शेवटी 74LS20. आउटपुट त्याने एलईडीला न देता 74LS93 या काउंटरच्या क्लॉक पिनला जोडलं. मग A जमिनीला, B आणि D पाच व्होल्टला बांधले, आणि C ला सिग्नल जनरेटरची चौकोनी लहर दिली.

या स्थितीत तक्त्यावर आपण 0111 आणि 0101 या दोन घरांत ये-जा करत असतो. दोन्हीत 1 आहे, म्हणजे F सतत 1 राहायला हवा. क्लॉक पिनवर काही घडायचं कारण नाही. तरीही काउंटर पुढे सरकत होता. प्रत्येक लहरीला नाही, मधूनमधून.

अशा वेळी पहिला संशय स्विचच्या उसळीवर जातो, पण इथे C ला स्विच नव्हताच. मग आयसी बदलून झाले, वायरी घट्ट करून झाल्या. सीआरओवर आउटपुटची रेषा सरळ दिसत होती. खरं तर तीच रेषा फसवत होती. प्रयोगशाळेतला सीआरओ 20 मेगाहर्ट्झचा, म्हणजे चढउतार दाखवायला त्याला स्वतःलाच साधारण 17 नॅनोसेकंद लागतात. त्याहून अरुंद घटना त्याच्या पडद्यावर जवळजवळ पुसली जाते. मॅडमनी तेव्हा C च्या इन्व्हर्टरमागे आणखी दोन इन्व्हर्टर ओळीने लावायला सांगितलं. तर्क तोच राहतो, फक्त C' आणखी उशिरा येतो. आता C खाली येतानाच्या कडेवर ट्रिगर लावला, वारंवारता थोडी वाढवली, आणि सरळ रेषेत एक बारीक खाच दिसली.

कारण तक्त्यावरच होतं. 0111 हे A'BC च्या पात्यात आहे, 0101 हे A'C'D च्या. C 1 वरून 0 झाला की पहिलं पद लगेच सोडतं. दुसरं पद धरणार, पण त्याला C' हवा, आणि तो इन्व्हर्टरमधून यायला 74LS04 मध्ये सुमारे 10 नॅनोसेकंद लागतात. तेवढा वेळ F ला कुणीच धरलेलं नसतं आणि तो 0 होतो. C उलट दिशेने, 0 वरून 1 कडे गेला तर काही होत नाही, कारण तेव्हा जुनं पद उशिरा सोडतं आणि नवं आधीच धरतं. म्हणून दोष एकाच कडेवर येतो. आणि 10 नॅनोसेकंदांची ती खाच 74LS93 ला मोजायला अपुरीही पडू शकते आणि कधी पुरतेही, म्हणून काउंटर लहरी माणसासारखा वागत होता. यालाच स्टॅटिक हॅझार्ड म्हणतात. डेव्हिड हफमन यांनी 1957 मध्ये यावर लेख लिहिला आणि उपायही सांगितला: शेजारचे दोन 1 जिथे एकाही गटात एकत्र नाहीत, तिथे दोघांना सामावणारा गट घालायचा.

या तक्त्यात तसा गट एकच आहे. पुसलेला मधला चौकोन.

B आणि D दोन्ही 1 आहेत तोवर BD हे पद C कडे किंवा A कडे बघतच नाही. मधल्या चार घरांमधल्या चारही सीमा पात्यापात्यांच्या मधोमध जातात, आणि त्या चारही हा एकच गट बुजवतो. मुलाने 74LS10 मधलं रिकामं गेट वापरलं, त्याचं तिसरं इनपुट पाच व्होल्टला बांधलं. आता पाच पदं झाली, ती 74LS20 च्या चार पायांवर मावेनात, म्हणून तो काढून आठ इनपुटांचा 74LS30 बसवला आणि उरलेले तीन पाय वर बांधले. इन्व्हर्टरची ती लांब साखळी तशीच ठेवूनही खाच नाहीशी झाली. काउंटर थांबला तो थांबलाच.

मॅडमना हॅझार्ड पुस्तकातून माहीत होता. बहुतेक शिक्षकांना असतो. पण तो अभ्यासक्रमात दूरच्या धड्यात येतो आणि के-मॅप जवळच्या, त्यामुळे डस्टर आणि तो धडा त्यांच्या वर्गात कधी एकत्र आले नव्हते. त्या दिवसापासून त्या मधला गट पुसत नाहीत. तुटक रेषेने काढून ठेवतात आणि विचारतात की हे सर्किट कुठे जाणार आहे. पुढे फ्लिपफ्लॉप असेल आणि तो सगळं स्थिरावल्यावरच आउटपुट उचलणार असेल, तर खाच कुणी बघत नाही. चौकोन खुशाल पुसावा. आउटपुट क्लॉकला, रिसेटला किंवा लॅचच्या एनेबलला जाणार असेल तर चौकोन हवाच. आणि दोन इनपुटं एकाच वेळी बदलणार असतील तर हा उपायही पुरेसा नाही, हेसुद्धा त्या त्याच तासाला सांगतात.

क्लासच्या नोट्सवर मात्र त्यांचा राग आहे. ‘सर्वांत मोठा गट आधी घ्या’ असा नियम त्यात ठळक अक्षरांत छापलेला असतो. या तक्त्यावर तो पाळला की चौकोन आधी येतो, मग चारही पाती घ्यावीच लागतात, आणि किमान म्हणून पाच पदं लिहिली जातात. मुलगा बरोबर सर्किट बांधतो, पण ते का बरोबर आहे हे त्याला ठाऊक नसतं. मॅक्लस्की यांनी 1956 मध्ये पूर्णत्वाला नेलेली कोष्टकाची पद्धत मॅडमना निर्दोष पण आंधळी वाटते. सहा चलांपुढे नकाशा कामाचा राहत नाही आणि ती पद्धत चालत राहते, हे त्या मान्य करतात; तरीही त्या कोष्टकात मधला गट एका ओळीवर काट मारून जातो, आणि तो कोणत्या सीमांवर उभा होता हे कुणालाही दिसत नाही. या मताशी प्रस्तुत लेखकही सहमत आहे.

नवी मुलं एफपीजीएवर काम करतात. तिथे चार चलांचं कुठलंही फल एका लुकअप टेबलात मावतं, चार पदं असोत की पाच. शिवाय सिंथेसिसचं सॉफ्टवेअर जास्तीचं पद स्वतःच काढून टाकतं. ते तुम्ही मुद्दाम लिहिलं होतं हे त्याला कळत नाही. त्यामुळे के-मॅप अभ्यासक्रमातून काढावा असं म्हणणारे सहकारी मॅडमना दरवर्षी भेटतात. मॅडमचं उत्तर ठरलेलं आहे. गेट वाचवणं हे या नकाशाचं अर्धंच काम होतं. कोणते दोन शेजारी एकमेकांपासून तुटले आहेत हे एका नजरेत दाखवणं हे दुसरं, आणि त्याला अजून तोड नाही.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना म्हणून एक विनंती. ‘के-मॅपने सोपे रूप द्या’ या प्रश्नाखाली दोन गुणांचा एक उपप्रश्न घाला: तुमच्या उत्तरात असे कोणते शेजारी 1 आहेत जे एकाही गटात एकत्र नाहीत? आणि जो विद्यार्थी मधला गट ठेवून त्याचं कारण लिहील, त्याचा अर्धा गुण कापू नका.