ठिपके भरले, पण दार उघडेना

एका बँकेच्या लॉगिन पानावर ब्राउझरचा पासवर्ड मॅनेजर माझा पासवर्ड भरून देतो. चौकटीत काळे ठिपके दिसतात, पण खालचं बटण काही केल्या दाबलं जात नाही. मग मी शेवटी एक स्पेस देतो, लगेच खोडतो, आणि बटण जागं होतं. पासवर्ड आधी होता तोच असतो, तरीही.

एकदा त्या पानाचा कोड उघडून पाहिला. कारण एका ओळीत होतं:

```
password.addEventListener('keyup', checkForm);
```

`keyup` म्हणजे कीबोर्डच्या बटणावरून बोट उचलल्याची वर्दी. मॅनेजर बटणं दाबत नाही, चौकटीत थेट मजकूर ठेवतो. वर्दी आली नाही, म्हणून पानाच्या लेखी चौकट अजून रिकामीच. इथे `keyup` ऐवजी `input` लिहिलं असतं तर मजकूर टाइप केलेला असो, पेस्ट केलेला असो वा भरलेला, पानाला कळलं असतं. स्पेस देऊन खोडल्यावर काम होत असेल, तर बहुधा दुखणं हेच.

हा झाला निष्काळजीपणा. काही साइट मात्र मुद्दाम अडवतात. पेस्ट बंद करतात, किंवा भरलेली चौकट स्क्रिप्टने पुन्हा रिकामी करतात. यामागची भीती अगदीच खोटी नव्हती. सायबर कॅफेच्या काळात एकाचा पासवर्ड ब्राउझरने लक्षात ठेवला, तर पुढच्या गिऱ्हाइकाला तो आयता मिळे. म्हणून `autocomplete="off"` लिहायची पद्धत पडली. पुढे मोठे ब्राउझर लॉगिनच्या चौकटीपुरतं ते जुमानेनासे झाले, आणि साइटवाल्यांनी आणखी कडक कुलपं शोधली. पेस्ट केलेला मजकूर क्लिपबोर्डवरून दुसरा प्रोग्राम वाचू शकतो, हेही खरं; पण ऑटोफिलला क्लिपबोर्ड लागतच नाही.

या अडवणुकीत जातं काय? मॅनेजर पासवर्ड भरण्याआधी पानाचा पत्ता तपासतो. बँकेच्या नावात एक अक्षर बदलून कुणी हुबेहूब नकली पान केलं, तर माणूस फसतो; मॅनेजर गप्प राहतो. त्याचं ते गप्प राहणं हाच इशारा. पण खऱ्या पानावरही तो रोज गप्पच असेल, तर इशारा कळणार कसा? हाताने टाइप करायची सवय लागते, आणि तीच सवय नकली पानाला हवी असते. शिवाय रोज टाइप करायचा म्हटल्यावर माणूस वीस अक्षरी पासवर्ड ठेवत नाही. सोपा ठेवतो, तोच चार ठिकाणी वापरतो.

अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने 2017 च्या मार्गदर्शिकेत पासवर्ड पेस्ट करू द्यावा असं सुचवलं, ते याचसाठी. एखाद्या साइटवर ऑटोफिल चालेना, तर टाइप करण्याआधी वरचा पत्ता अक्षर अक्षर वाचावा. मॅनेजर करत होता ते काम आता आपल्यावर आलेलं असतं.