तात्यांचा नुसता '२'

मागच्या खरिपातली गोष्ट. तात्यांचा मका वीस दिवसांचा होता. पानांवर छिद्रं दिसतायत म्हणाले. मला जायला जमत नव्हतं, म्हणून रात्री व्हॉट्सॲपवर विचारलं, "तात्या, नुसती जुनी वाळकी छिद्रंच आहेत, की पोंग्यात ओली विष्ठा पण दिसते?" आणि लगेच खाली दुसरा मेसेज टाकला, "पाच ठिकाणी दहा-दहा झाडं बघा. पन्नासपैकी किती झाडांत अळी आहे ते कळवा."

सकाळी उत्तर आलं. नुसतं "२".

मी हिशोब केला. पन्नासात दोन म्हणजे ४ टक्के. लहान मक्यात लष्करी अळीचं प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली असलं की मी लगेच औषध मारा म्हणत नाही. तसंच कळवलं, "थांबा, चार दिवसांनी परत मोजू."

चार दिवसांनी स्वतः गेलो तर पोंगे भुशासारख्या विष्ठेने भरलेले. पन्नासात सतरा झाडं! डोक्यावर उलटा वाय, शेपटीकडे चौकोनात चार ठिपके, ओळखायला काही अवघड नव्हतं. अळ्या मोठ्या होऊन आत खोल बसलेल्या.

"तात्या, तुम्ही दोनच झाडं म्हणालात ना?"

"झाडं कुठं म्हणालो? तू दोन गोष्टी विचारल्यास, त्यातली दुसरी. ओली विष्ठा. गॅस बुक करताना, बँकेला फोन लावताना दोन दाबलं की बरोबर कळतं की त्यांना!"

आणि झाडं? ती त्यांनी मोजलीच नव्हती. पहिल्या मेसेजचं उत्तर दिलं की काम झालं असं त्यांना वाटलं.

चूक माझीच. फोनवरची बाई एक प्रश्न विचारते आणि बटण दाबेपर्यंत थांबते, त्यामुळे दोन कशाचा हे तिला पक्कं माहीत असतं. मी एकावर एक दोन प्रश्न टाकले, आणि त्यांचा आकडा दुसऱ्याला जाऊन चिकटला. मोजायच्या प्रश्नाला आकडाच येणार, म्हणून मला शंकाही आली नाही.

त्याच संध्याकाळी इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के, लिटरला ०.४ ग्रॅम, म्हणजे पंधरा लिटरच्या पंपाला ६ ग्रॅम घेतलं आणि नोझल थेट पोंग्यावर धरून मारलं. बारक्या अळ्या गेल्या. पण मोठ्यांनी वर विष्ठेचं बूच मारलेलं असतं, तिथं औषध नीट पोचत नाही. बऱ्याच वाचल्या आणि दुसरी फवारणी करावीच लागली. चार दिवस आधी मारलं असतं तर कदाचित एकीत भागलं असतं.

आता मी एका वेळी एकच प्रश्न टाकतो, उत्तर आलं की मगच पुढचा. जुन्या मेसेजला उत्तर द्यायचं तर तो उजवीकडे सरकवून लिहायचं, हेही तात्यांना दाखवलं. कधी सरकवतात, कधी नाही.

काल परत नुसता "१" आला. मी काहीच विचारलं नव्हतं. लगेच फोन लावला.

"अरे, युरियाचं एकच पोतं राहिलंय. येताना आण म्हणत होतो."